लव्हेंडरचा पडदा हॉलमध्ये लावला आणि तो राखेसारखा दिसला

मी सांगलीत मंडप आणि स्टेज डेकोरेशनचं काम करतो, वडिलांपासून चालत आलेला धंदा आहे. ही गोष्ट मागच्या सीझनच्या एका लग्नाची, आणि ती लिहितोय कारण तेव्हापासून मी कापडाचा रंग दुकानात ठरवायचं बंद केलं.

नवरी मुलगी आणि तिच्या आई फोनवर एक फोटो घेऊन आल्या. समुद्राकाठी कुठंतरी उघड्यावर केलेलं लग्न, सगळा फिकट जांभळा म्हणजे लव्हेंडर आणि पिस्ता. छान होता फोटो, नाव ठेवायला जागा नव्हती. मी दुकानात लव्हेंडर सॅटिनचं ठाण उघडून दाखवलं, दारातला उजेड पडत होता त्यात ते इतकं गोड दिसलं की दोघींनी तिथंच हो म्हटलं. मी पण म्हटलं ठीक आहे, आणि होलसेलवाल्याला सांगून टाकलं की माल बाजूला काढून ठेव. हॉल मी तोपर्यंत बघितला नव्हता, नवीनच झालेला, गावाबाहेर.

दोन दिवसांनी संध्याकाळी साडेसातला मापं घ्यायला गेलो. आत पाय ठेवला आणि जीव थोडा खाली गेला. भिंतीपासून भिंतीपर्यंत मरून कारपेट, त्यात सोनेरी वेलबुट्टी, आणि ते चिकटवलेलं, त्यामुळं उचलायचा प्रश्नच नाही. वर सगळे वॉर्म व्हाइट डाउनलाइट, साधारण 3000 केल्विनचे, म्हणजे पिवळसर. स्टेजवरचे सहा दिवे आणि पुढच्या चार रांगांवरचे दिवे एकाच स्विचवर. मॅनेजरला विचारलं, दादा स्टेजचे तेवढे वेगळे बंद होतील का, तर म्हणाले वायरिंगच तशी आहे. थोडक्यात जमीन आणि उजेड दोन्ही ठरलेले आणि माझ्या हातात फक्त कापड.

बॅगेत लव्हेंडरचा एक मीटरचा तुकडा होता. तो चुण्या घालून स्टेजच्या मागच्या भिंतीला टाचला आणि हॉलच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसलो. तो लव्हेंडर राहिलाच नव्हता. ओल्या राखेसारखा करडा रंग, आणि चुणीच्या आतल्या बाजूला तर चक्क मातकट. माझ्याबरोबरचा पोरगा म्हणाला, दादा धुतलेला नाही का हा तुकडा. तोच तुकडा बाहेर पार्किंगमध्ये पांढऱ्या ट्यूबखाली धरला, लगेच परत जांभळा.

याचं कारण सोपं आहे पण आम्ही धंदेवालेसुद्धा विसरतो. कापडाला स्वतःचा उजेड नसतो, पडलेल्या उजेडातला जो भाग ते परत फेकतं तेवढाच आपल्याला दिसतो. लव्हेंडर जगतो निळ्यावर, आणि वॉर्म दिव्यात निळा भाग मुळातच कमी असतो. मग परत फेकायला काही उरत नाही आणि फिकट जांभळ्यातला निळा गेला की राहतो करडा. गडद जांभळा असता तर थोडा वाईनकडे झुकला असता आणि चाललं असतं, पण फिकट रंगात मुळात रंगच थोडा असतो, तो गेला की काहीच राहत नाही. पिस्ताचा तुकडा पण लावून बघितला, तो उलट पिवळा पडला, जुन्या पेपरासारखा.

दुसरी गोष्ट कारपेटची. वरचा उजेड कारपेटवर पडून लालसर होऊन वर येतो. पडद्याचा खालचा तीन-साडेतीन फुटांचा भाग गुलाबट दिसतो आणि वरचा पिवळसर, कापड एकच असलं तरी. पांढरं कापड मुद्दाम जमिनीपर्यंत सोडून बघितलं तर रेघ मारल्यासारखा फरक नव्हता पण हळूहळू चढणारी लाली स्पष्ट होती. जवळून नाही कळत, लांब बसलेल्याला कळते.

त्या रात्री मी होलसेलवाल्याला फोन करून माल थांबवला. मग नवरीकडच्यांना सांगायचं कसं, हा खरा प्रश्न. फोनवर सांगून पटत नसतं, कारण त्यांच्या डोळ्यासमोर तो फोटो असतो. म्हणून म्हटलं काकू, उद्या अकरा वाजता हॉलवर या, ताईंना आणा आणि लग्नातल्या दोन्ही साड्या बरोबर आणा. अकराच का, तर विधी दुपारच्या आत होते आणि मला त्याच वेळचा उजेड बघायचा होता.

आणि बरं झालं. डाव्या बाजूला उंच खिडक्यांची रांग होती, रात्री लक्षातच आली नव्हती. विधीचा मंडप बरोबर त्यांच्याशेजारी, स्टेजखाली कारपेटवर उभा राहणार होता, दहा बाय दहा, चार खांब. सकाळी अकराला त्या जागेवर डावीकडून दिवसाचा निळसर उजेड आणि वरून पिवळे दिवे. काकूंना तिथं उभं केलं तर त्यांच्या चेहऱ्याचा एक गाल एका रंगाचा आणि दुसरा दुसऱ्या. कॅमेरा दोन्ही एकदम सांभाळू शकत नाही, एक बरोबर केला की दुसरा निळा नाहीतर केशरी होतो. यावर कापडाचा काही उपाय नाही, उजेडच एक करायला लागतो. त्या खिडक्यांना आतून जाड पडदा, एवढंच ठरलं.

ताईंनी लव्हेंडरचा तुकडा स्टेजवर बघितला आणि गप्प झाल्या. मला वाईट वाटलं कारण मनापासून निवडलेला रंग होता तो. त्यांची रिसेप्शनची साडी पण लव्हेंडरच निघाली, त्याच्याशी मॅच म्हणून तर हट्ट होता. मी साडी त्यांच्या खांद्यावर टाकून त्यांना लव्हेंडरच्या तुकड्यासमोर उभं केलं, मग पांढऱ्या तुकड्यासमोर, आणि काकूंना शेवटच्या रांगेतून बघायला लावलं. काकूच म्हणाल्या, अगं पहिल्यात तू दिसतच नाहीस. साडीच्या रंगाचा पडदा मागं असला की नवरी पडद्यात विरघळते, चेहरा तेवढा तरंगतो.

मग रंग ठरवायला बसलो. मरूनला मॅच करायचा मोह सगळ्यांना होतो, वडील पण म्हणाले की पडदे मरूनच घेऊ. तो मी कधीच करत नाही. कारपेटचा मरून आणि सॅटिनचा मरून कधी एक होत नाही, रंगवलेलं वेगळ्या डायने, एक उजेड खातो एक चमकतो, दुकानातल्या ट्यूबखाली जुळले तरी हॉलमध्ये एक तपकिरीकडे जातो एक गुलाबीकडे, आणि जवळजवळ जुळलेला रंग हा न जुळलेल्यापेक्षा जास्त खुपतो. कारपेटपासून एकतर खूप फिकट व्हायचं नाहीतर रंगच वेगळा घ्यायचा.

स्टेजला हाफ व्हाइट ठरलं. क्रीम नाही, कारण क्रीम या दिव्याखाली लोण्यासारखं पिवळं होतं, हाफ व्हाइट घेतलं की दिवाच त्याला क्रीम करतो. वरून पीच जॉर्जेटच्या झुली, आणि खाली तीन फुटांची जुनी गुलाबी म्हणतात तशा मळकट गुलाबी रंगाची झालर. जिथं लाली चढणार तिथं आधीच तो रंग ठेवला म्हणजे लाली चूक वाटत नाही.

विधीच्या मंडपाचं गणित वेगळं होतं. तिथं नवरी अष्टपुत्रीत, म्हणजे पिवळ्यात बसणार, आणि पिवळसर दिव्याखाली हाफ व्हाइटच्या समोर पिवळी साडी फिकी पडते. मागचं कापड म्हणून मेहंदी हिरवा घेतला. बॉटल ग्रीन लावून बघितला होता, तो वॉर्म दिव्यात काळा दिसतो, मेहंदीमध्ये पिवळा असतो म्हणून तो जिवंत राहतो. पण हिरवा फक्त मागं. छताला आणि बाजूला हिरवा लावला तर तो उजेड तोंडावर येतो आणि माणूस आजारी दिसतो, म्हणून छत हाफ व्हाइट नेटचं, मधे होमाच्या धुरासाठी मोकळं सोडून. सिंथेटिक कापड आहे, आगीपासून लांबच बरं.

कापडाचा हिशोब पण सांगतो. स्टेज 32 फूट रुंद, पडदा 12 फूट उंच. चुण्या भरदार दिसायला रुंदीच्या दुप्पट कापड लागतं म्हणजे 64 फूट. पन्हा 44 इंच, तर 18 पट्टे. प्रत्येक पट्टा दुमडीसकट 13 फूट, म्हणजे चार मीटर. एकूण 72 मीटर. मी 80 घेतलं, आणि सगळं एकाच लॉटमधलं बघून घेतलं. पुढच्या लॉटमधले पाच मीटर जरी मधे आले तरी या दिव्याखाली तेवढाच पट्टा उठून दिसतो आणि तेव्हा मुहूर्ताला दोन तास उरलेले असतात.

लव्हेंडर सोडला नाही. तो बाहेर नेला. पार्किंगपासून हॉलच्या दारापर्यंत उघडी वाट होती, तिथं कमान आणि दोन्ही बाजूला लव्हेंडर पडदे आणि पिस्ता नेट, दिवसाच्या उजेडात. फोटोतल्यासारखंच दिसलं ते, कारण फोटो पण दिवसाच्याच उजेडातला होता. ताईंनी जाताना तिथंच दहा मिनिटं फोटो काढले.

राहिली ती रिसेप्शनची साडी, ती तर संध्याकाळी आतच दिसणार होती. फोटोग्राफर आपले पांढरे लाईट, दिवसासारखे साधारण 5500 केल्विनचे, आणणार होता. त्यानं चेहरा आणि साडी बरोबर येते पण मागचा पडदा केशरी पडतो. त्याच्याशी बोलून लाईटला नारंगी जिलेटीन पेपर लावायचं ठरवलं, सगळा उजेड एकाच जातीचा, आणि कॅमेरा त्याप्रमाणे सेट. फोटोत साडी बरीचशी लव्हेंडर आली. समोर बसलेल्यांना मात्र ती थोडी करडीच दिसली, ते मी आधीच ताईंना सांगून ठेवलं होतं आणि त्यांनी मान्य केलं होतं.

लग्नादिवशी सगळं नीट चाललं होतं, विधी झाले, जेवणं झाली. संध्याकाळी सातला रिसेप्शन सुरू व्हायच्या आधी हॉलच्या मुलानं हौसेनं छताच्या खाचेतली निळी एलईडी पट्टी चालू केली. 72 मीटर हाफ व्हाइटचा वरचा अर्धा भाग एका क्षणात दुधी निळा आणि खालचा पिवळा. मी पळत पॅनेलपाशी गेलो, मुलाला समजावलं, स्विच बंद केला आणि त्यावर चिकटपट्टी लावून पेननं लिहिलं, हात लावू नये. रात्री साडेदहाला पडदे उतरवायला गेलो तेव्हा ती पट्टी तशीच होती.