सपोर्ट टीमचे केपीआय ठरवताना माझे तीन आठवडे कुठे गेले

पर्वरीच्या आमच्या कंपनीत हॉटेलं आणि गेस्ट हाऊसना बुकिंगचं सॉफ्टवेअर पुरवलं जातं. सपोर्टला नऊ जण आहेत, मी त्यांची टीम लीड. गेल्या वर्षी मुख्यालयाकडून केपीआयचा, म्हणजे टीमची कामगिरी मोजायच्या आकड्यांचा, तक्ता आला. त्यात पाचच रकाने होते आणि निदान दोन लीडिंग इंडिकेटर, म्हणजे परिणाम दिसायच्या आधी हलणारे आकडे, हवेत अशी अट होती. लॅगिंग, म्हणजे परिणाम झाल्यावर कळणारे, पटकन भरले: सीसॅट, म्हणजे तक्रारीचं तिकीट बंद झाल्यावर ग्राहक देतो ते रेटिंग, आणि सोडून गेलेले ग्राहक. लीडिंगवर मात्र तीन आठवडे अडकले. त्याचा राग अजून गेलेला नाही, कारण वरून एकच उत्तर यायचं: ‘फर्स्ट रिस्पॉन्स टाइम टाका, सगळे तोच टाकतात.’

तो आम्ही आधीच्या सीझनला टाकून पाहिला होता. पहिल्या उत्तराचा सरासरी वेळ चार तासांवरून पंचवीस मिनिटांवर आला आणि सीसॅट मात्र घसरला. कळंगुटच्या एका गेस्ट हाऊसवाल्याचं तिकीट मला पाठ आहे. २४ डिसेंबरला एकच खोली दोघांना बुक झाली. सहा मिनिटांत आमचं उत्तर गेलं, ‘तक्रार मिळाली, बघतो.’ खरा उपाय एकतीस तासांनी झाला. तोवर त्याने पाहुण्यांना शेजारच्याकडे झोपवलं होतं. त्याचं एक स्टारचं रेटिंग आलं २९ तारखेला. तक्त्यात ते तिकीट हिरवं होतं! मुलांनी लबाडी केली नव्हती, जे मोजलं तेच त्यांनी सुधारलं. गडबड ओळखायची खूण होती, पण ती मी उशिरा पाहिली: एका तिकिटावरचे संदेश तीनावरून पाचावर गेले होते, कारण लोक ‘काय झालं?’ म्हणून परत परत लिहीत होते.

मग मी आकडा बदलला: सकाळी दहाला चोवीस तासांपेक्षा जुनी किती तिकिटं उघडी आहेत? आम्ही त्यांना ‘तुंबलेली’ म्हणतो. पण वरिष्ठांनी विचारलं, हा आकडा सीसॅटच्या आधी हलतो कशावरून? प्रश्न रास्त होता. इथेच खरी अडचण आली, कारण आमची सिस्टीम आज काय उघडं आहे तेवढंच दाखवते, गेल्या जूनच्या मंगळवारी सकाळी काय उघडं होतं ते साठवत नाही. शेवटी सगळी तिकिटं शीटमध्ये उतरवून तो आकडा मागे जाऊन बांधला. B मध्ये तिकीट आल्याची वेळ, C मध्ये सुटल्याची, E मध्ये त्या दिवशीचे सकाळचे दहा:

```
=COUNTIFS(B:B,"<="&E2-1,C:C,">"&E2)
```

पहिल्यांदा उत्तर फारच कमी आलं आणि अख्खी दुपार गेली. अजून न सुटलेल्या तिकिटांचा C रिकामा असतो आणि हे सूत्र रिकाम्या घरांना वगळतं. सर्वांत जुनी, सर्वांत त्रासाची तिकिटंच गळत होती. त्या घरांत पुढच्या वर्षाची तारीख टाकली तेव्हा आकडा जुळला.

बावीस आठवडे मांडले. तुंबलेली चाळीसच्या वर गेली की साधारण दोन आठवड्यांनी रेटिंग पडत होतं. तरी एक शंका होती: सीझनच्या गर्दीत दोन्ही आपोआप बिघडत असतील तर? म्हणून तुंबलेल्यांना त्या आठवड्यात आलेल्या तिकिटांनी भागलं. नातं कमी झालं, पण टिकलं. बावीस आठवडे म्हणजे काही पुरावा नव्हे, हे मी तक्त्याखाली लिहूनच पाठवलं, आणि मला वाटतं त्यामुळेच मंजुरी मिळाली.

सीसॅटबद्दल आधीच सांगायला हवं होतं: रेटिंग किती जणांनी दिलं तेही शेजारी लिहा. आमच्याकडे महिन्याला साठ-सत्तरच येतात. चार नाराज माणसांनी आकडा सहा-सात टक्क्यांनी हलतो, त्यावर कुणाची पगारवाढ अडवणं अन्याय आहे.

दुसरा लीडिंग घेतला तो सात दिवसांत परत उघडलेल्या तिकिटांचा. तुंबलेली कमी दाखवायला कुणी अर्धवट तिकीट बंद केलं तर ते इथे उघडं पडतं. दोन्ही आकडे टीमचे म्हणून पाहतो, एकेकट्याच्या नावावर लावत नाही. लावले असते तर अवघड तिकीट कुणी हातातच घेतलं नसतं.

यंदा चतुर्थीला निम्मी टीम गावी होती. सुट्टीनंतरच्या सकाळी आकडा बावन्न होता. त्याच दिवशी नवीन हॉटेलं जोडणाऱ्या टीममधून दोघांना चार दिवसांसाठी मागून घेतलं. शुक्रवारी सकाळी तो एकोणीस होता, आणि तेव्हा त्या महिन्याचा सीसॅट यायचाच होता.