मराठवाडा साक्षरता नकाशा: आठ जिल्हे, आकडे तेच, चित्रं चार

मागच्या वेळी जिल्ह्यांच्या हद्दी आणि जनगणनेचा तक्ता जुळवण्यापर्यंत काम आलं होतं. आता खरा प्रश्न समोर आहे: रंग कुठे बदलायचा? आकड्यानुसार जिल्हे फिके-गडद रंगवायचे, अशा क्षेत्रघनी नकाशात सगळं राजकारण इथेच असतं. आकडे कोणी बदलत नाही, फक्त गटांच्या सीमा थोड्या सरकवल्या की एखादा जिल्हा पुढारलेला दिसतो आणि शेजारचा मागासलेला.

जोडणीबद्दल एवढंच सांगतो की ती नावावरून न करता जिल्ह्याच्या संकेतांकावरून केली. 2011 च्या तक्त्यात बीड `Bid` आहे, छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव अर्थातच जुन्या नावांनी आहेत, आणि देशपातळीवरची फाईल असेल तर बिहारचं औरंगाबादही त्यात येऊन बसतं.

साक्षरतेचा दर मी तयार रकाना न घेता स्वतः काढला. जनगणनेत साक्षरता मोजतात ती सात वर्षं आणि त्यापुढच्या लोकांची, म्हणून छेदातून सहा वर्षांपर्यंतची मुलं वजा करावी लागतात. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरच्या फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये:

```
100.0 * "P_LIT" / ("TOT_P" - "P_06")
```

तक्त्यात `P_ILL` नावाचा निरक्षरांचा रकाना आहे, तो बघून अनेकांना वाटतं की `P_LIT` आणि `P_ILL` यांची बेरीज करून भागलं की झालं. तसं केलं तर पाळण्यातली पोरंही निरक्षर ठरतात, कारण ती त्या रकान्यात धरलेली आहेत. एखाद्या जिल्ह्यात शंभरात तेरा-चौदा मुलं त्या वयाची असतील, तर 71 टक्क्यांचा दर घसरून 61-62 च्या आसपास येतो. शिवाय लहान मुलांचं प्रमाण सगळीकडे सारखं नसतं, त्यामुळे घसरणही सारखी होत नाही आणि क्रमच बदलू शकतो. ओळखायची खूण सोपी आहे: महाराष्ट्राचा दर याच सूत्राने काढून पाहा. 82.34 आला नाही, तर छेद चुकला.

आता आकडे. 2011 ची अंतिम आकडेवारी, चढत्या क्रमाने: जालना 71.52, परभणी 73.34, नांदेड 75.45, बीड 76.99, लातूर 77.26, हिंगोली 78.17, धाराशिव 78.44, छत्रपती संभाजीनगर 79.02. त्यानंतरची जनगणना 2021 साली झाली नाही, म्हणून अजून हेच.

नकाशाला हात लावण्याआधी हे आकडे कागदावर एका सरळ रेषेवर टिंबांनी मांडा, असा माझा आग्रह आहे. सिम्बॉलॉजीतल्या हिस्टोग्राममध्ये आठ आकड्यांचं काही कळत नाही, रेषेवर लगेच कळतं. डावीकडे जालना, परभणी, नांदेड एकेकटे, दीड-दोन टक्क्यांच्या अंतराने बसलेले. मग बीड-लातूर जवळजवळ चिकटलेले, आणि उजवीकडे हिंगोली, धाराशिव, संभाजीनगर असा घोळका. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंतचा सगळा पसारा साडेसात टक्क्यांचा. हे चित्र डोक्यात ठेवलं की सॉफ्टवेअरने दिलेली प्रत्येक विभागणी तपासता येते.

पहिली विभागणी `Equal Count`, चार गट. प्रत्येक रंगात दोन जिल्हे. नकाशा देखणा दिसतो, रंगांचं वाटप समान असतं, त्यामुळे वर्तमानपत्रांत हीच पद्धत बऱ्याचदा भेटते. पण सीमा कुठे पडल्या ते पाहा. बीड आणि लातूर यांच्यात फरक 0.27 टक्के, तरी रंग वेगळे. हिंगोली आणि धाराशिव यांच्यातही नेमका 0.27, तिथेही रंग वेगळे. उलट नांदेड आणि बीड यांच्यात 1.54 चा फरक असून दोघं एका रंगात. म्हणजे वाचकाला जिथे फरक दिसतो तिथे तो नाही, आणि जिथे आहे तिथे दिसत नाही. पंगतीत पानं सारखी वाढावीत तसं ही पद्धत जिल्हे वाढते, भूक कोणाला किती ते विचारत नाही.

हा नकाशा लातूरच्या मावसभावाला पाठवला. तो शिक्षक. त्याचा लगेच फोन: "दादा, लातूर हिंगोलीच्या मागं कसं काय? लातूर पॅटर्न विसरलास का?" त्याला म्हटलं, "अरे, पॅटर्न दहावी-बारावीच्या पोरांचा. यात तुझी आजी पण मोजलीय." साक्षरतेच्या दरात सात वर्षांच्या पोरापासून नव्वदीच्या म्हातारीपर्यंत सगळे असतात. आजच्या शाळा कितीही चांगल्या असल्या तरी साठ वर्षांपूर्वी शाळेत न गेलेली माणसं दर खाली ओढतात. पण त्याच्या तक्रारीत एक मुद्दा खरा होता. कोणता रंग किती टक्क्यांचा हे सांगणारी नकाशाची किल्ली त्याने वाचलीच नव्हती, रंग पाहिला होता. वाचक असाच वागतो, हे धरूनच सीमा ठरवायला हव्यात.

दुसरी, `Equal Interval`. साडेसातला चाराने भागलं, प्रत्येक गट 1.875 टक्क्यांचा. इथे गंमत होते: 73.395 ते 75.27 हा दुसरा गट पूर्ण रिकामा राहतो. परभणी 73.34 वर असल्यामुळे जेमतेम पाच शतांश टक्क्याने पहिल्या गटात, जालन्यासोबत अडकते. वरच्या गटात लातूरपासून संभाजीनगरपर्यंत चार जिल्हे एकजिनसी. रिकाम्या गटाला माझी हरकत नाही, पुढे मी स्वतःच एक ठेवणार आहे. हरकत आहे ती सीमांना. 73.395 हा आकडा फक्त जालना सगळ्यात खाली आणि संभाजीनगर सगळ्यात वर आहे म्हणून जन्मला. उद्या शेजारचा बुलढाणा नकाशात घेतला (83.40) की सगळ्या सीमा सरकणार आणि आठपैकी सहा जिल्ह्यांचे रंग बदलणार, त्यांच्या आकड्यांत काहीही न बदलता.

तिसरी, `Natural Breaks`, म्हणजे जेंक्सची पद्धत. ही एका गटातले आकडे एकमेकांच्या शक्य तितके जवळ ठेवते. हिचा निकाल: जालना-परभणी, नांदेड एकटा, बीड-लातूर, आणि वरचे तिघे. कागदावरच्या टिंबांशी ताडून पाहिलं तर सगळ्यात प्रामाणिक हीच. याचं मापही काढता येतं. सगळ्या आठ आकड्यांचे सरासरीपासूनचे फरक वर्ग करून मिळवले तर बेरीज 49.20 येते. जेंक्सच्या गटांत, प्रत्येक गटाच्या स्वतःच्या सरासरीपासून मोजलं तर 2.07 उरते. म्हणजे जवळपास 96 टक्के फरक गटांनी टिपला. `Equal Count` चा हाच हिशेब 93, `Equal Interval` चा साधारण 91.

या मापावर फार विसंबू नका. 93 ऐकायला उत्तम, पण बीड-लातूरची खोटी भिंत त्याच 93 मध्ये उभी आहे. आणि जेंक्सचीही अडचण तीच: सीमा याच आठ आकड्यांतून निघालेल्या. स्त्रियांचा नकाशा वेगळा केला तर त्याच्या सीमा वेगळ्या निघतील. राज्यात पुरुषांचा दर 88.38, स्त्रियांचा 75.87, एवढं अंतर आहे. दोन्ही नकाशे आपापल्या सीमांवर रंगवले तर शेजारी ठेवल्यावर सारखेच गडद-फिके दिसतील आणि ते साडेबारा टक्के गायब होतील.

म्हणून चौथी वाट: सीमा हाताने टाकल्या. 70, 72.5, 75, 77.5, 80. गट असे पडले: जालना एकटा, परभणी एकटी, मग नांदेड-बीड-लातूर, मग हिंगोली-धाराशिव-संभाजीनगर. दोन्ही चिकटलेल्या जोड्या शाबूत राहिल्या. एकमेकांपासून 1.82 वर असलेले जालना आणि परभणी सुटे झाले. हिशेब केला तर गटांत उरलेली बेरीज 2.28, म्हणजे 95 टक्क्यांच्या थोडं वर. गणिताने शोधलेल्या सर्वोत्तम विभागणीपेक्षा अर्धा टक्काही कमी नाही, आणि बदल्यात वाचकाला तोंडपाठ राहतील असे आकडे मिळाले. किंमतही आहे, ती नांदेडने मोजली: जेंक्समध्ये तो वेगळा होता, इथे बीड-लातूरमध्ये मिसळला. सीमेला सगळ्यात जवळ लातूर आहे, 77.5 पासून 0.24 वर. मावसभावाला ते सांगितलं नाही.

पण खरी दिशाभूल अजून बाकी होती आणि ती गटांच्या आत नव्हतीच. वरच्या चारही नकाशांत संभाजीनगर सर्वांत गडद. पाहणाऱ्याला वाटणार, तिथे तरी चांगलं आहे. राज्याचा दर 82.34 आहे. मराठवाड्यातला एकही जिल्हा तिथपर्यंत पोहोचत नाही. गडद निळा रंग ही गोष्ट झाकतो.

त्यामुळे वर आणखी एक गट ठेवला, 80 ते 82.5, पूर्ण रिकामा. कलरब्रूअर या नकाशांसाठीच्या रंगसंचातली पाच छटांची `YlGnBu` पट्टी घेतली आणि सगळ्यात गडद छटा या गटाला दिली. नकाशावर ती कुठेच नाही, फक्त किल्लीत आहे, आणि तिथे बारीक बाण काढून लिहिलं आहे: महाराष्ट्र 82.34. क्यूजीआयएस छापील मांडणीत रिकामा गटही किल्लीत दाखवतं, फक्त नकाशातल्या घटकांपुरती किल्ली ठेवायचा पर्याय चालू नको, नाहीतर तो गट गळतो.

देशाचाही बाण द्यावा का यावर थोडा घोळलो. इथे एक सापळा आहे. 2011 चा देशाचा दर म्हणून 74.04 सगळीकडे लिहिलेला असतो, पण तो हंगामी आकडा. अंतिम 72.99. परभणी 73.34 वर आहे. हंगामी आकडा घेतला तर परभणी देशाच्या खाली, अंतिम घेतला तर वर. जिल्ह्यांचे आकडे अंतिम आणि तुलनेचा आकडा हंगामी, अशी भेसळ झालेले तक्ते नेटवर भरपूर फिरतात. मी 72.99 चा बाण दिला. तो 72.5 च्या सीमेजवळ पडतो, त्यामुळे जालना खाली आणि बाकी सात वर हे किल्लीवरूनच वाचता येतं.

नावांखाली प्रत्यक्ष टक्केवारीही छापली. आठच जिल्हे आहेत, जागा आहे. ज्याला रंगाचा संशय आला त्याने आकडा पाहावा.

आता पुढचं काम 76 तालुक्यांचं. तिथे या सीमा पुरणार नाहीत, पसारा दोन्ही बाजूंना वाढेल. पण अडीच टक्क्यांची पायरी मोडायची नाही असं ठरवलं आहे, पट्टी फक्त खाली-वर लांबवायची. छटा सात-आठच्या पुढे गेल्या तर डोळ्याला वेगळ्या ओळखू येत नाहीत, म्हणून कदाचित पायरी पाचाची करावी लागेल. पाचाची केली तरी 70, 75, 80 या सीमा तशाच राहतात, आणि जिल्ह्यांचा नकाशा शेजारी ठेवून वाचता येईल. तालुक्यांच्या हद्दींची बिनचूक फाईल कोणाकडे असेल तर कळवा. माझ्याकडच्या फाईलमध्ये दोन तालुक्यांच्या मध्ये फट आहे आणि तिथून खालचा पांढरा कागद दिसतो.