आमची वाटचाल : पोर्तुगीज डिस्चार्ज कागद आणि चौकोनी कंस

पणजीत आमचं भाषांतराचं काम सुरू झालं ते जमिनीच्या कागदांवर. पोर्तुगीज काळातली विक्रीखतं, वाटणीपत्रं, जन्मदाखले. पुढे पोर्तुगालला स्थायिक झालेली गोवेकर मंडळी म्हातारपणी परतू लागली, आणि त्यांच्या पिशव्यांतून तिथल्या इस्पितळांचे डिस्चार्ज कागद आमच्याकडे यायला लागले. खटल्यातल्या कागदाचं अक्षर लागलं नाही तर पुढची तारीख मागता येते. डॉक्टरला त्याच संध्याकाळी गोळी लिहून द्यायची असते. म्हणून वैद्यकीय कागदांसाठी आम्ही कामाची पद्धत वेगळी बसवली.

तिचा पाया चौकोनी कंस आहे. गोल कंस मूळ कागदाचे, चौकोनी कंसात जे काही असेल ते आमचं. भाषांतराच्या माथ्यावर हे लिहिलेलं असतं, त्यामुळे तिथला डॉक्टर कुठे बोलतो आणि भाषांतरकार कुठे, हे वाचणाऱ्याला लगेच कळतं.

मडगावच्या एका आजींचा कागद सांगते. हृदयाचे ठोके अनियमित, त्यासाठी रक्त पातळ करणारं सिंट्रॉम ४ मिलिग्रॅम. डोस हातानं लिहिलेला, गोळीचा अपूर्णांक, आणि नेमक्या छेदावर शिक्का उमटलेला. अर्धी की पाव? म्हणजे रोज २ मिलिग्रॅम की १. डोस कमी पडला तर गुठळी, जास्त झाला तर रक्तस्राव. आमच्याकडचे ज्येष्ठ सहकारी जुनी पोर्तुगीज हस्ताक्षरं वाचण्यात मुरलेले. त्यांना ‘अर्धी’ वाटत होतं. तरीही मजकुरात आम्ही लिहिलं : [छेद शिक्क्याखाली; १/२ किंवा १/४; १/२ ची शक्यता अधिक, कारण याच हातानं वर लिहिलेला २ असाच आहे]. कल कुठे आहे आणि तो कशावरून, दोन्ही. नुसतं ‘अवाच्य’ लिहिलं असतं तर हाताशी असलेली माहिती वाया गेली असती. नुसतं ‘अर्धी’ लिहिलं असतं तर अंदाज हुकमासारखा वाचला गेला असता.

औषधाचं नाव आम्ही बदलत नाही. सिंट्रॉम तसंच ठेवून चौकोनी कंसात घटक लिहिला, असेनोकुमारोल. इथल्या दुकानात हाच घटक दुसऱ्या नावानं, १ पासून ४ मिलिग्रॅमपर्यंतच्या गोळ्यांत मिळतो. नातेवाईक विनंती करतात की इथलं नाव लिहून द्या. ते आम्ही करत नाही. ‘अर्धी गोळी’ या शब्दांना ४ मिलिग्रॅमची साथ सुटली आणि कोणी १ मिलिग्रॅमची गोळी अर्धी करून दिली, तर डोस चौपटीनं उतरतो. पर्याय निवडणं डॉक्टरांचं काम.

त्याच कागदावर पूर्वेतिहासात दोनच अक्षरं होती, ‘आय. आर.’ पोर्तुगीजमध्ये ती मूत्रपिंड निकामी होण्यासाठीही वापरतात आणि श्वसन निकामी होण्यासाठीही. अक्षरं तशीच ठेवली, दोन्ही अर्थ चौकोनी कंसात दिले, आणि पुढे : [पान २ वर क्रिएटिनिन १.९, श्वसनाच्या तपासणीची नोंद कागदात नाही]. क्रिएटिनिन ही मूत्रपिंडाची तपासणी. पुरावा कुठे आहे ते दाखवायचं आणि तिथेच थांबायचं, ही आमची हद्द. मूळ कागदात तो आकडा १,९ असा आहे, तिथे दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात. भाषांतरात आकडा १.९ केला आणि हा बदल सगळीकडे केल्याचं माथ्यावर नोंदवलं.

सुरुवातीला आमच्या टिपा पानभर पसरायच्या. म्हापशाच्या एका डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ‘शिक्क्याचा रंग आणि औषधाचा डोस एकाच आवाजात सांगितलात तर मी दोन्ही वाचायचं सोडून देईन.’ ते मला पटलं. तेव्हापासून डोस, ॲलर्जी, उजवी-डावी बाजू, निदान आणि तपासणीचे आकडे यांवरची शंकाच मजकुरात दिसते, आणि पहिल्या पानावरच्या चौकटीत ओळीसकट पुन्हा येते. शिक्के, सह्या, खाडाखोड शेवटच्या यादीत जातात. मूळ कागदात एके ठिकाणी उजवा गुडघा आणि दुसरीकडे डावा असेल, तर दोन्ही जसेच्या तसे राहतात आणि विसंगती चौकटीत जाते.

आजींच्या डॉक्टरांनी चौकट पाहिली, पुढचा डोस देण्याआधी रक्त किती पातळ झालंय हे सांगणारा आयएनआर तपासून घेतला आणि मुलाला घरातलं आठवड्याचं डोसकार्ड आणायला सांगितलं. कार्डावर छापील अक्षरात अर्धी गोळी होती. मग आम्ही दुसरी आवृत्ती दिली. पहिल्या आवृत्तीतली टीप पुसली नाही. तिच्यापुढे ‘निरसन’, तारीख आणि ‘रुग्णाच्या डोसकार्डावरून’ असं लिहिलं, आणि पहिली प्रत रद्द झाल्याचं दुसरीच्या माथ्यावर छापलं. ‘आय. आर.’ची शंका मात्र तशीच राहिली. ती सोडवणारा कागद आमच्याकडे आला नव्हता, म्हणून दुसऱ्या आवृत्तीच्या चौकटीत ती अजून उघडी आहे.