आमची वाटचाल : ट्रस्टच्या हिशेबांपासून परदेशी देणगीच्या करारापर्यंत

रत्नागिरीत आमचं ऑफिस सुरू झालं तेव्हा कामाचं स्वरूप ठरलेलं होतं. ट्रस्टची नोंदणी, विश्वस्त बदलले की त्याचा अर्ज, आणि दरवर्षी धर्मादाय कार्यालयात जाणारे हिशेब. मी वकील, माझे भागीदार सीए. अशिलांमध्ये देवस्थानं होती, वाचनालयं होती, गावातली शाळा चालवणारी मंडळं होती. परदेशी देणगीचा कागद आमच्या टेबलावर क्वचितच यायचा, कारण कोकणातल्या लहान संस्थांना ते पैसे थेट मिळतच नव्हते. मुंबई-पुण्याची एखादी मोठी संस्था परदेशी देणगीदाराशी करार करायची आणि इथल्या संस्थेला तिचा वाटा पाठवायची. वीस-पंचवीस पानी इंग्रजी करार त्या मोठ्या संस्थेच्या फाइलीत राहायचा.

२०२० मध्ये हे बदललं. परकीय अंशदान (विनियमन) कायदा, म्हणजे सगळे ज्याला एफसीआरए म्हणतात तो २०१० चा कायदा, २९ सप्टेंबर २०२० पासून दुरुस्त झाला आणि परदेशातून आलेली देणगी दुसऱ्या कोणालाही पुढे देण्यावर कलम ७ ने पूर्ण बंदी आली. ज्याला पैसे आले त्यानेच खर्च करायचे. मोठ्या संस्थेमार्फत येणारी वाट बंद झाली आणि किनाऱ्यावरच्या लहान संस्थांना स्वतःची एफसीआरए नोंदणी घेऊन स्वतःच सही करायची वेळ आली. तेव्हापासून हे करार तपासणं आमच्या ऑफिसचं मुख्य काम झालं. मला हे काम मनापासून आवडतं. या संस्थांचे विश्वस्त बहुतेक निवृत्त शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले लोक, डॉक्टर असतात. ते पदरमोड करून संस्था चालवतात, आणि एका कलमामुळे त्यांच्यावर न फिटणारी जबाबदारी येऊ शकते.

कसं काम चालतं ते सांगण्यासाठी एक करार घेतो. संस्थेच्या परवानगीने सांगतोय, नाव आणि ओळख पटेल असे तपशील बाजूला ठेवून. दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावर मासळी सुकवणाऱ्या बायकांसोबत ही संस्था काम करते. बोंबील, जवळा, बांगडा वाळूत पसरण्याऐवजी उंच मांडवावर सुकवला तर माल स्वच्छ राहतो आणि भाव चांगला मिळतो. त्यासाठी अमेरिकेतल्या एका खासगी फाउंडेशनने तीन वर्षांची देणगी मंजूर केली, वर्षाला साधारण २५ लाख रुपये. मसुदा आला तेव्हा खजिनदार काका म्हणाले, "वकीलसाहेब, सही करून पाठवूया. लोक चांगले आहेत, दोनदा येऊन बघून गेलेत." लोक खरंच चांगले होते. पण करार लागतो तो अडचणीच्या दिवसासाठी, म्हणून आम्ही सही थांबवली.

सगळ्यात आधी आम्ही दोन कागद मागतो: एफसीआरए नोंदणीचं प्रमाणपत्र आणि बँकेचा तपशील. नोंदणी पाच वर्षांची असते आणि मुदत संपण्याआधीच्या सहा महिन्यांत नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो. या संस्थेची मुदत देणगीच्या दुसऱ्या वर्षात संपत होती, म्हणजे तिसरा हप्ता नूतनीकरणावर अवलंबून होता आणि करारात त्याचा उल्लेखच नव्हता. बँकेच्या जोडपत्रात दापोलीच्या शाखेतलं खातं लिहिलं होतं. परदेशी देणगी पहिल्यांदा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच घेता येते. तिथून ती खर्चासाठी स्थानिक खात्यात आणता येते. हप्ता थेट दापोलीत आला असता तर त्याच दिवशी कायदा मोडला असता. देणगीदाराने पैसे कोणत्या हेतूने पाठवले, याने त्यात फरक पडत नाही.

मग पैसे कुठे जाणार ते पाहिलं. अंदाजपत्रकात एक ओळ होती, 'स्थानिक महिला संस्थेस अर्थसाहाय्य, ६ लाख'. ही जुन्या पद्धतीची ओळ, आता चालत नाही. संस्थेने मांडवाचं सामान स्वतः विकत घ्यायचं, बिलं संस्थेच्या नावावर, आणि बायका लाभार्थी, अशी ती रचना बदलली. नुसतं नाव बदलून तेच पैसे 'सेवा शुल्क' म्हणून दुसऱ्या संस्थेला देण्याची सूचनाही आली होती. तिला आम्ही स्पष्ट नकार दिला. खरी खरेदी आणि खरं बिल असेल तरच तो खर्च.

दुसरी ओळ 'कर्मचारी व कार्यालय, ८ लाख'. २५ लाखांत ८ लाख म्हणजे ३२ टक्के. प्रशासकीय खर्चाची मर्यादा २०२० च्या दुरुस्तीने ५० वरून २० टक्क्यांवर आली आहे. देणगीदाराला ३२ टक्के मान्य होते, पण देणगीदाराची मान्यता इथे उपयोगाची नाही. आम्ही ओळ फोडली. गावोगाव जाऊन बायकांना मांडव बांधणं, मीठ लावणं, साठवण शिकवणाऱ्या दोन प्रशिक्षकांचा पगार ४ लाख २० हजार होता. तो संस्थेच्या उद्दिष्टाचाच थेट खर्च, त्यामुळे तो कार्यक्रमाकडे गेला. लेखनिक, भाडं, वीज, ऑडिट, अहवाल लिहिण्याचा खर्च मिळून ३ लाख ८० हजार प्रशासकीय राहिले, म्हणजे १५.२ टक्के. ही विभागणी कागदावर करून भागत नाही. प्रशिक्षकांच्या नेमणूकपत्रात काम लिहिलेलं हवं आणि गावातल्या हजेरीची वही हवी. शिवाय कायदा हे प्रमाण त्या आर्थिक वर्षात आलेल्या देणगीवर मोजतो. दोन हप्ते एकाच वर्षात आले आणि पुढचं वर्ष कोरडं गेलं, तर त्या कोरड्या वर्षातले पगार-भाडं अडचणीत येऊ शकतात. म्हणून आम्ही हप्त्यांच्या तारखा अशा मागून घेतल्या की प्रत्येक एप्रिल-मार्च वर्षात एक हप्ता पडेल.

अहवालाच्या कलमात भांडण नव्हतं, दिनदर्शिकेचा घोळ होता. फाउंडेशनचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, आणि ३१ जानेवारीपर्यंत ऑडिट झालेले हिशेब द्यायचे असं मसुदा म्हणत होता. आपलं ऑडिट मार्चअखेरचं. ते मानलं असतं तर संस्थेला दरवर्षी दोन ऑडिट करावी लागली असती, आणि केंद्र सरकारला ३१ डिसेंबरपर्यंत जाणाऱ्या एफसी-४ विवरणपत्रातले आकडे देणगीदाराच्या अहवालाशी कधीच जुळले नसते. सहा महिन्यांनी विनाऑडिट खर्चपत्रक आणि मार्चअखेरचा ऑडिट अहवाल ३० सप्टेंबरपर्यंत, यावर फाउंडेशन तयार झालं. हिशेब रुपयांत आणि डॉलरचा दर बँकेने प्रत्यक्ष जमा केला तो, हेही लिहून घेतलं. खात्यावर मिळणारं व्याजसुद्धा कायद्याने परदेशी देणगीच ठरतं, म्हणून ते त्याच कामावर वापरून अहवालात वेगळं दाखवायचं ठरलं.

एक तारीख मात्र आम्ही हट्टाने बदलली. पहिल्या वर्षीचे मांडव 'ऑगस्टअखेर पूर्ण' असं लिहिलं होतं, आणि ठरलेला टप्पा न गाठणं हे करार संपवण्याचं कारण होतं. जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि सप्टेंबरपर्यंत किनाऱ्यावर खांब रोवणं शक्य नसतं. बैठकीला आलेल्या एका मावशींनी सरळ सांगितलं, "पावसात मांडव घातला तर तो आमच्यासकट समुद्रात जाईल." मुदत ३१ डिसेंबर झाली.

खरा वेळ गेला तो करार संपवण्याच्या कलमावर. मसुदा असा होता: फाउंडेशन कधीही, कोणत्याही कारणाने, ताबडतोब करार संपवू शकेल, आणि तसं झाल्यास संस्थेने मिळालेली सर्व रक्कम ३० दिवसांत परत करावी. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने परदेशी मदत ९० दिवसांसाठी थांबवली आणि त्यानंतर अनेक करार रद्द झाले. तो पैसा सरकारी होता, हा खासगी. तरीही चालू काम मध्येच थांबू शकतं हे त्या वर्षाने सगळ्यांना दाखवून दिलं.

परतफेडीचं कलम काढूनच टाका असं काही विश्वस्तांचं म्हणणं होतं. ते होणार नव्हतं. अमेरिकेतलं खासगी फाउंडेशन परदेशी संस्थेला देणगी देतं तेव्हा बहुतेक वेळा त्यांच्या करकायद्याच्या कलम ४९४५ नुसार खर्चावर देखरेख ठेवण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. ठरलेल्या कामाव्यतिरिक्त वापरलेली रक्कम परत करण्याचं वचन त्यांना लेखी घ्यावंच लागतं. पण त्यांचा कायदा तेवढंच मागतो. नीट खर्च झालेले पैसे परत मागायला तो सांगत नाही. हे आम्ही त्यांच्या वकिलांना लिहिलं आणि त्यांनी ते लगेच मानलं. परतफेड दोनच गोष्टींपुरती राहिली: गैरवापर झालेली रक्कम, आणि खर्च न झालेली शिल्लक. शिलकीतूनही आधी दिलेल्या ऑर्डरी आणि प्रशिक्षकांचा नोटीस काळातला पगार वजा होईल. नोटीस ६० दिवसांची, आणि चूक दाखवून दिल्यावर ती सुधारायला ३० दिवस.

यापुढचा मुद्दा फाउंडेशनच्या लक्षात आलेला नव्हता. उद्या एफसीआरए नोंदणी निलंबित झाली तर शिल्लक रकमेपैकी २५ टक्क्यांपर्यंतच, तीही सरकारच्या पूर्वपरवानगीने, वापरता येते. नोंदणी रद्द झाली तर उरलेली देणगी आणि त्यातून घेतलेली मालमत्ता कलम १५ नुसार सरकारने नेमलेल्या प्राधिकाऱ्याकडे जाते. अशा वेळी '३० दिवसांत परत करू' हे वचन विश्वस्तांना पाळताच येणार नाही, कारण पैसे त्यांच्या हातात नसतील. म्हणून असं लिहिलं की निलंबन किंवा नूतनीकरणातला उशीर हा करारभंग नाही, त्या काळात हप्ता थांबेल, आणि कोणतीही परतफेड भारतीय कायद्याने लागणाऱ्या परवानग्या मिळाल्यावरच होईल. करार संपल्यावर मांडव आणि वजनकाटे 'फाउंडेशन सांगेल त्या संस्थेला' द्यायचे, हे वाक्य कलम ७ मुळे काढलं. वस्तू त्याच संस्थेकडे त्याच कामासाठी राहतील. विश्वस्तांची व्यक्तिगत हमी मागणारी ओळही गेली.

मसुदा तीनदा इकडून तिकडे गेला. सहीच्या आधी आम्ही कराराचा दोन पानी मराठी गोषवारा विश्वस्त मंडळापुढे वाचतो आणि तो ठरावाला जोडतो. या संस्थेत तो गोषवारा आता खजिनदार काकांच्या टेबलाच्या काचेखाली आहे. त्यात तारखा आहेत: खर्चपत्रकाची, ऑडिटची, एफसी-४ ची, आणि लाल शाईत नूतनीकरणाच्या अर्जाची.

सध्या आमच्याकडे असे करार गुहागर, दापोली आणि मालवणकडून येतात. फी पानांवर न ठेवता संस्थेच्या वार्षिक खर्चावर ठेवली आहे, आणि कायदेशीर शुल्क हा प्रशासकीय खर्चच धरला जातो, हे लक्षात ठेवून ती लावतो. मसुदा हातात आल्यावर दहा दिवस मिळाले तर काम नीट होतं. देणगीदाराने 'उद्या सही हवी' म्हटलं, तर मुदतवाढ मागणारं पहिलं पत्र आम्हीच लिहून देतो.