एकेचाळीस दिवसांच्या थकबाकीचे स्मरणपत्र

यंत्रांच्या देखभालीची माहितीपुस्तके तयार करणाऱ्या आमच्या छोट्या कार्यालयात बिले आणि वसुली मी पाहते. त्या दिवशी सकाळी थकबाकीची यादी उघडली, तेव्हा एका जुन्या ग्राहकाचे बिल देय तारखेच्या पुढे एकेचाळीस दिवस गेलेले होते. मुदत तीस दिवसांची होती. आमचे काम ज्यांच्याकडे होते त्या प्रकल्पप्रमुखांनी दोनदा फोनवर आणि एकदा ईमेलने "या आठवड्यात होऊन जाईल" असे सांगितले होते, आणि प्रत्येक वेळी मी ते मानून थांबले होते.

औपचारिक स्मरणपत्र लिहायला बसले आणि पहिला मसुदा संतापात उतरला. "वारंवार विनंती करूनही", "आपल्या बेजबाबदारपणामुळे" असे शब्द त्यात आले. वाचून पाहिल्यावर जाणवले की या पत्राला उत्तर म्हणून खुलासा येईल, पैसे येणार नाहीत. दुसरा मसुदा उलट टोकाला गेला. "त्रास देत आहोत, क्षमस्व" अशी सुरुवात मी केली आणि लगेच खोडली, कारण आपल्याच पैशांची मागणी करताना क्षमा मागितली की पैसे देणे ऐच्छिक आहे असा अर्थ निघतो.

मग पत्र बाजूला ठेवून मी फाइल काढली. काम मिळाल्याची त्यांची पोच होती, मजकूर मंजूर केल्याचा ईमेल होता आणि बिल पाठवल्याची तारीखही होती. मात्र बिल फक्त प्रकल्पप्रमुखांना गेले होते आणि त्यावर पर्चेस ऑर्डरचा क्रमांक नव्हता. मोठ्या संस्थेत लेखा विभाग त्या क्रमांकाशी जुळल्याशिवाय बिल पुढे सरकवत नाही, त्यामुळे आमचे बिल त्यांच्या हिशेबात चढलेच नसण्याची शक्यता होती. ही चूक आमच्या बाजूची होती. तरीही तीन आश्वासने देताना कोणीतरी ते सांगायला हवे होते, म्हणून मागणी सौम्य करण्याचे कारण मला दिसले नाही.

पत्र मी लेखा विभागाच्या प्रमुखांना लिहिले आणि प्रत प्रकल्पप्रमुखांना पाठवली. पर्चेस ऑर्डरचा क्रमांक घातलेली बिलाची प्रत, कामाची पोच आणि मंजुरीचा ईमेल सोबत जोडला. बिलाचा क्रमांक, तारीख, रक्कम आणि देय तारीख विषयाच्या ओळीखालीच दिली, जेणेकरून वाचणाऱ्याला काही शोधावे लागू नये. पुढचा मजकूर असा होता:

"वरील बिलाची देय तारीख उलटून एकेचाळीस दिवस झाले असून रक्कम अद्याप आमच्या खात्यात जमा झालेली नाही. मूळ बिलावर आपल्या पर्चेस ऑर्डरचा क्रमांक नव्हता; तो घातलेली प्रत सोबत जोडली आहे. बिलातील कोणत्याही बाबीवर आपली हरकत असल्यास ती तीन कामकाजी दिवसांत लेखी कळवावी आणि हरकत नसलेली रक्कम सात कामकाजी दिवसांच्या आत जमा करावी, ही विनंती. आमच्या बँक खात्याच्या तपशिलात कोणताही बदल झालेला नाही. रक्कम जमा होईपर्यंत पुढील टप्प्याचे काम आम्ही सुरू करू शकणार नाही. करारातील विलंब व्याजाच्या कलमानुसार असलेला आमचा हक्क आम्ही राखून ठेवत आहोत."

यातील हरकतीच्या वाक्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. एखाद्या छोट्या बाबीवरून अख्खे बिल अडकते आणि ते कोणी सांगत नाही, हे मी पूर्वी पाहिलेले आहे. पुढचे काम थांबवण्याचे वाक्य लिहिण्याआधी मी आमच्या संचालकांना विचारले, "सातव्या दिवसानंतर आपण खरोखर थांबणार का?" ते हो म्हणाले, तेव्हाच ते वाक्य पत्रात ठेवले. कायदेशीर कारवाईचा उल्लेख मात्र केला नाही, कारण ती करण्याची आमची त्या वेळी तयारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेखा विभागाचे उत्तर आले. बिल त्यांच्याकडे प्रथमच पोहोचले होते. शिवाय मूळ ऑर्डरमध्ये नसलेल्या वाढीव आकृत्यांच्या रकमेवर, म्हणजे बिलाच्या साधारण सहाव्या हिश्शावर, त्यांची हरकत होती. त्या आकृत्या प्रकल्पप्रमुखांनी ईमेलने मागवल्या होत्या. तो ईमेल मी त्याच तासाभरात पाठवला आणि उरलेली रक्कम या वादासाठी थांबवू नये असे स्पष्ट लिहिले. त्यांच्या सूचनेनुसार आकृत्यांचे बिल वेगळे केले.

पाच हिस्से रक्कम सहाव्या कामकाजी दिवशी जमा झाली. आकृत्यांसाठी सुधारित पर्चेस ऑर्डर निघायला आणखी तीन आठवडे लागले आणि तोपर्यंत दर सोमवारी मी त्याच पत्राचा संदर्भ देऊन दोन ओळींचा ईमेल पाठवत राहिले. पुढच्या टप्प्याचे काम आम्ही ते पैसे हाती आल्यावरच सुरू केले.