बुध की शुक्र?

पुण्यातल्या एका शाळेच्या विज्ञान प्रश्नमंजूषेत माझ्याकडे गुणतक्ता होता. बझर फेरीत बरोबर उत्तराला 10 गुण, चुकलं तर 5 वजा, आणि मग पूर्ण प्रश्न वाचून इतर संघांना संधी. शेवटच्या प्रश्नाआधी ब संघाचे 60, क संघाचे 50 आणि अ बराच मागे.

सूत्रसंचालक बाईंनी वाचायला घेतलं, "कोणत्या ग्रहाचा एक दिवस त्याच्या एका वर्षापेक्षा मोठा असतो..." एवढ्यात ब चा बझर वाजला. "बुध!" बाईंच्या कागदावर उत्तर होतं शुक्र. ब चे 5 गेले. राहिलेला भाग वाचून झाला, "...दिवस म्हणजे ग्रहाची स्वतःभोवती एक फेरी धरली तर?" क ने शुक्र सांगितलं. 60 विरुद्ध 55. टाळ्याही पडल्या.

ब संघातला मुलगा मात्र उभाच होता. "बाई, सूर्योदय ते सूर्योदय मोजलं तर बुधच येतो ना?"

त्याचं खरं होतं. शुक्राची स्वतःभोवतीची फेरी पृथ्वीच्या 243 दिवसांची आणि वर्ष 225 दिवसांचं. पण तो उलटा फिरतो, त्यामुळे तिथे एका सूर्योदयापासून दुसरा साधारण 117 दिवसांतच होतो. बुधाची फेरी 59 दिवसांची, वर्ष 88 चं, पण तिथे दोन सूर्योदयांत 176 दिवस जातात. म्हणजे दोन वर्षं! बझर दाबला तेव्हा कानावर जेवढा प्रश्न पडला होता, तेवढ्याला बुध हे उत्तर अगदी चालण्यासारखं होतं.

घाईने बझर दाबला तर जोखीम संघाची, हा नियम मलाही मान्य आहे. पण अर्धवट ऐकून अंदाज चुकणं वेगळं आणि ऐकलेल्या वाक्याचंच बरोबर उत्तर देणं वेगळं. परीक्षकांनी प्रश्न रद्द केला, आणि मला ते मनापासून पटलं.

मी प्रत्येक प्रश्नाला वेगळी ओळ ठेवतो आणि ओळीच्या शेवटी तिन्ही संघांची बेरीज लिहितो. त्यामुळे एक ओळ खोडली की आधीची बेरीज समोर येते: 60 आणि 50. नुसत्या रेघा मारत गेलं असतं तर तिथेच वाद पेटला असता. राखीव प्रश्न क ने सोडवला आणि 60–60 अशी बरोबरी झाली.

बरोबरी फोडायला आकड्याचा प्रश्न होता: सूर्याचा प्रकाश पृथ्वीवर पोचायला किती सेकंद लागतात? दोघांनी पाटीवर एकदमच लिहायचं, जो जवळ तो जिंकला. ब ने पाठ असलेली 8 मिनिटं धरून 480 लिहिलं. क ने 15 कोटी किलोमीटरना 3 लाखांनी भागून 500 काढलं. उत्तर 499, म्हणून क जिंकला.

शुक्राचा प्रश्न बाद करू नका, फक्त अट आधी घ्या, असं मी बाईंना सुचवलं. त्यांनी तिथल्या तिथे पेनने बदल केला: "स्वतःभोवती एक फेरी घ्यायला सूर्याभोवतीच्या फेरीपेक्षा जास्त वेळ लागतो, असा ग्रह कोणता?" आता कुठेही बझर दाबला तरी बुधाला जागा नाही.