सोउबेत्सुकाईतलं दोन मिनिटांचं भाषण

नागोयातल्या आमच्या ऑफिसातला कोल्हापूरचा सहकारी कायमचा घरी निघाला. त्याच्या सोउबेत्सुकाईत, म्हणजे निरोपाच्या जेवणात, आभाराचं भाषण त्यालाच करायचं होतं. जपानी मला थोडं जास्त येतं, म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं.

त्याने मराठीत मुद्दे काढून दिले होते. त्यात पूर्ण केलेल्या प्रोजेक्टची यादी होती आणि सेक्शनमधल्या झाडून सगळ्यांची नावं. मी दोन्ही काढायला लावलं. आपली कामगिरी आपणच सांगितली तर तिथे कानाला खटकते. नावं घेताना एखादं राहिलं, तर तेवढंच लोकांच्या लक्षात राहतं. शिवाय मिनिटाला साधारण 300 अक्षरं हा जपानीतल्या भाषणाचा वेग. हा सावकाश बोलणार, म्हणून दोन मिनिटांसाठी मी 500 च धरली.

सुरुवात ठरलेलीच असते: "होन्जित्सु वा ओइसोगाशिइ नाका, वाताशि नो तामेनि कोनो योउना काइ ओ हिराइते इतादाकि, माकोतोनि आरिगातोउ गोझाइमास." तुम्ही कामातून वेळ काढून माझ्यासाठी जमलात, त्याबद्दल आभार. यात काही नवं करू नये. नवं काय ते मधल्या भागात.

त्यासाठी मी त्याला एकच प्रश्न विचारला, "इथे कोणामुळे काय जमायला लागलं?" तो लगेच म्हणाला, "निप्पो." हा रोजचा कामाचा अहवाल. पहिल्या वर्षी एक ज्येष्ठ सहकारी रोज संध्याकाळी तो लाल पेनाने दुरुस्त करून याच्या टेबलावर ठेवायचे. झालं, भाषण सापडलं! त्याला लिहायचं होतं, "ते फार छान शिकवतात." पण वरिष्ठांना असं प्रमाणपत्र देणं जपानीत आगाऊपणाचं वाटतं. म्हणून आम्ही फक्त घडलं ते सांगितलं. लाल खुणांची पानं अजून जपून ठेवली आहेत, आणि "ओकागेदे, निप्पो गा काकेरु योउनि नारिमाशिता", तुमच्यामुळे अहवाल लिहिता येऊ लागला.

पुढे एका वाक्यात माझ्या उणिवा तुम्ही सांभाळून घेतल्यात, आणि शेवटी सगळ्यांना आरोग्य आणि यश चिंतून "होन्तोउनि ओसेवानि नारिमाशिता", तुम्ही माझ्यासाठी खरंच खूप केलंत. त्याला शेवटी "गानबात्ते कुदासाइ", म्हणजे नेटाने काम करा, हवं होतं, पण वरिष्ठांसमोर ते टाळलेलं बरं.

पाठ करताना त्याची गाडी "इतादाकि"वर अडायची. मग मी लांब वाक्यं तोडून दिली. व्याकरण थोडं साधं झालं तरी चालतं, कागदात डोकं घालून वाचलेलं बरं दिसत नाही.

इझाकायातली, म्हणजे तिथल्या खाण्यापिण्याच्या साध्या बारमधली, बैठक संपत आली तेव्हा कान्जीने, म्हणजे कार्यक्रम ठरवणाऱ्याने, त्याला उभं केलं. लाल पेनाचा उल्लेख येताच ते ज्येष्ठ गृहस्थ हात हलवत "नाही नाही" करू लागले आणि बाकीचे हसले. मग फुलं, आणि सगळ्यांची एकदम एक टाळी.

शेवटच्या दिवशी सकाळच्या सभेत पुन्हा बोलायचं होतं. तिथे निप्पोचा किस्सा गाळून अर्ध्या मिनिटात आटोपलं आणि सुट्या वेष्टनातली बिस्किटं टेबलाटेबलावर वाटली.